केळीचा वारा आणि समुद्राचा वारा

आमच्या यावलकडे वाऱ्याचा विषय निघाला की माणसं आधी केळीकडे बघतात. मेच्या शेवटी एखाद्या संध्याकाळी वादळ सुटलं की घड लागलेली अख्खी बाग आडवी होते, म्हणून बांधावर शेवरी लावायची, घडाला टेकू द्यायचा आणि मोबाईलवर विंडी उघडून बसायचं. आमच्या आबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्या ॲपमधला झोतांचा आकडा कुठे असतो ते त्यांना बरोबर माहीत आहे. सरासरी वारा दहा दाखवतंय म्हणून खूश व्हायचं नाही, झोत किती ते बघ, झाड झोताने पडतं, सरासरीने नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे सगळं सांगायचं कारण, आमची डॉल्फिनची दुसरी ट्रिप याच वाक्यावर उभी राहिली. पहिली फसली होती.

पहिली म्हणजे दोन वर्षांपूर्वीची, एप्रिलच्या सुट्टीतली. खान्देशातून कोकण म्हणजे लांबचा पल्ला, मंगला एक्सप्रेसने भुसावळहून रत्नागिरी आणि तिथून पुढे मालवण, एवढं करून पोचल्यावर आम्ही काय केलं तर आरामात उठलो, घावन खाल्ले, आणि साडेबाराला किनाऱ्यावर गेलो. एकाने ‘हंड्रेड परसेंट दाखवतो, नाही दिसला तर पैसे परत’ असं सांगून होडीत बसवलं. समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस, समोरून ऊन पाण्यावर चमकतंय, माझी बहीण पहिल्या दहा मिनिटांतच होडीच्या काठावर वाकलेली. मग कुठेतरी कोणीतरी ओरडलं आणि आठ-नऊ होड्या एकाच वेळी तिकडे सुटल्या. एक काळी पाठ दोन सेकंद दिसली, ती पण सगळ्यांना नाही. होडीवाल्याने बोट दाखवून ‘दिसला ना? झालं मग’ म्हटलं आणि होडी वळवली. पैसे परतचा विषय तिथेच संपला, कारण ‘दिसला’ होता.

भाची ओवी तेव्हा पाचवीत होती. ती काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिने चित्र काढलं, त्यात नऊ होड्या होत्या आणि मासा नव्हता. (डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे मला तिनेच सांगितलं. घरात मात्र सगळे अजून मासाच म्हणतात आणि मालवणातले लोक पण बोलताना तसंच म्हणतात, तेव्हा मी पण म्हणणार.)

या वर्षी तिने परत हट्ट धरला आणि तोही मोठा, तिला देवमासा बघायचा होता. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, लोकांनी ते ओढून समुद्रात नेलं, ते परत आलं आणि शेवटी गेलं, ती बातमी तिने पाहिली होती. तिचं म्हणणं, किनाऱ्यावर येतो म्हणजे जवळच असणार. आता हे तिला समजावणं मला पण नीट वाचल्यावरच जमलं. किनाऱ्यावर अडकलेला देवमासा हा बहुतेक वेळा आजारी, भरकटलेला किंवा आईपासून तुटलेला असतो. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत लागला होता, तो पण वाचला नाही. धडधाकट मोठे देवमासे खोल पाण्याचे, आणि आपल्या कोकणासमोरचा समुद्र बराच लांबपर्यंत उथळ आहे, जमिनीचा पाण्याखाली पसरलेला उथळ भाग संपून खरी खोली सुरू व्हायला तिथे शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. पर्यटकांची होडी जाते दोन-चार किलोमीटर. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा आहे, तिथे हीच खोली किनाऱ्याच्या अगदी जवळ येते म्हणून डिसेंबर ते एप्रिल तिथे निळे देवमासे बघायला लोक जातात. कोकणात कधीतरी, कोणालातरी दिसतो, पण त्याच्यावर तिकीट काढायचं नसतं. ओवीने हिशोब केला, श्रीलंकेचं विमान किती, आणि मग म्हणाली, ठीक आहे मामा, डॉल्फिन.

आमच्या गल्लीतल्या काकूंना कळलं तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, ‘मासे पाह्याले इतक्या दूर कायले चालला रे भो? तापीत नाही का मासे?’ त्यांना उत्तर देण्यात अर्थ नव्हता, त्यांनी लगेच भरिताची वांगी किलोने काय भावाने मिळाली ते सांगायला घेतलं.

तर प्लॅनिंग. मी आधी जागा शोधत बसायचो, तारकर्ली की देवबाग की दापोली की गुहागर. या वेळी आबांनी उलटं विचारलं, वारा कुठल्या महिन्यात कमी असतो? आणि सगळं तिथून सुटत गेलं.

जून ते ऑगस्ट तर विषयच नाही, मेच्या शेवटी पर्यटकांच्या होड्या बंदच होतात, मासेमारीला पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला होड्या सुरू होतात पण नद्यांचं गढूळ पाणी समुद्रात उतरलेलं असतं, समुद्र अजून पूर्ण शांत झालेला नसतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रात चक्रीवादळं होण्याचे पण दिवस. मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो आणि एप्रिल-मेमध्ये तो सकाळी लवकरच सुरू होतो, आमच्या पहिल्या ट्रिपचं मरण तिथेच होतं. उरले नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. त्यातला नाताळचा आठवडा मी काढून टाकला, वाऱ्यामुळे नाही, गर्दीमुळे. होड्या जास्त म्हणजे पाठलाग जास्त.

आणि दिवसातली वेळ. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, दोन मार्कांचा प्रश्न असायचा, त्याचा उपयोग चाळीशीत झाला. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई, हलका असतो आणि किनाऱ्याजवळ त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, त्यामुळे पाणी तेल सांडल्यासारखं गुळगुळीत. अकराच्या आसपास जमीन तापली की उलटा खारा वारा सुरू होतो, तो मोकळ्या समुद्रावरून येतो आणि दुपारी एक ते तीन अगदी रंगात असतो. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा, सकाळी सूर्य डोंगराकडे म्हणजे पाठीमागे असतो, समुद्राकडे बघताना डोळ्यांवर चमक येत नाही. म्हणजे सकाळी साडेसहा ते नऊ या अडीच तासांत वारा पण तुमच्या बाजूने आणि उजेड पण. साडेबाराच्या होडीत दोन्ही विरुद्ध. जागा तीच, मासे तेच.

किती वारा चालेल? माझा नियम असा ठरला की दहा नॉटच्या खाली, म्हणजे तासाला साधारण अठरा किलोमीटर. सात-आठ नॉटच्या पुढे लाटांची डोकी तुटायला लागतात, पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि एकदा का सगळीकडे पांढरे ठिपके झाले की त्यात एक काळी पाठ शोधायची म्हणजे कापसाच्या शेतात बगळा शोधण्यासारखं. समुद्रात सस्तन प्राण्यांची मोजणी करणारे लोक पण साधारण याच पायरीला काम थांबवतात. प्राणी असतातच हो, दिसत नाहीत एवढंच. विंडीत हवामानाचा अंदाज काढणारी ECMWF आणि GFS अशी दोन मॉडेलं असतात, दोन्ही एकच सांगत असली तर विश्वास ठेवायचा, एक चार म्हणतंय आणि दुसरं अकरा तर दोघांनाही काही माहीत नाही असं समजायचं. तीन दिवसांच्या पुढचा अंदाज आबा बघतच नाहीत, केळीसाठी पण नाही.

वाऱ्यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे फुगवटा. इथे वारा शून्य असला तरी लांब कुठेतरी उठलेल्या लाटा येतच राहतात, हिवाळ्यात आखाताकडचे शमाल नावाचे वारे वाहिले की त्यांच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. पाणी गुळगुळीत दिसतं पण होडी सावकाश वर-खाली होत राहते. डॉल्फिन दिसायला याचा फार त्रास नाही, पोटाला होतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते, तो मी रोज बघत होतो, एक मीटरच्या आत हवा होता. बहिणीला उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी दिली आणि नुसतं एक केळं खायला लावलं, आता आमच्याकडे दुसरं काय मिळणार.

भरती-ओहोटीचं मी आधी धरलंच नव्हतं. देवबागला होड्या कर्ली नदीच्या खाडीतून सुटतात आणि संगमावरून बाहेर समुद्रात जातात. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असतं आणि समोरून लाटा आत येत असतात, दोघं भिडले की लाट उभी होते, छोट्या होडीला ते सगळ्यात वाईट. म्हणजे भरती चढत असताना बाहेर पडायचं आणि ती पूर्ण होईपर्यंत परत यायचं. मी भरतीचं कोष्टक शोधत बसलो होतो तर आबांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्यांना त्यांच्या मुंबईच्या गिरणीतल्या मामाने कधीतरी सांगितलेलं. त्रयोदशी असेल तर तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी. दशमी असेल तर साडेसात, मग साडेसातला पाणी उतरायला लागणार आणि आपण परत येताना बरोबर ओहोटीच्या तोंडात सापडणार. तापीकाठच्या माणसाने समुद्राचं गणित भिंतीवर करून दाखवलं. मी नंतर कोष्टकाशी ताडून पाहिलं, मुंबईला ते बऱ्यापैकी जुळतं, मालवणकडे भरती त्यापेक्षा थोडी आधी येते, पाऊण-एक तास. म्हणून आम्ही माघातल्या शुक्ल द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी अशा तीन सकाळी धरल्या. पौर्णिमा जवळ म्हणजे उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त, हे खरं, पण तिकडे पाणी मुंबईसारखं चार-चार मीटर चढत-उतरत नाही, निम्म्यावर असतं, त्यामुळे ते सोसलं.

आता दिसण्याची शक्यता. मी तीन होडीवाल्यांना फोन केला आणि तिघांना एकच प्रश्न विचारला, गेल्या आठवड्यात किती दिवस समुद्रात गेलात आणि त्यातले किती दिवस दिसले? पहिला म्हणाला शंभर टक्के. दुसरा म्हणाला रोज असतात ओ, तुम्ही या तर खरं. तिसऱ्याने जरा थांबून सांगितलं, ‘सहा दिवस गेलंय, चार दिवस दिसले. त्यातलो एक दिवस लांबसून.’ मी तिथेच बुकिंग केलं. सहापैकी चार हा आकडा खात्रीचा म्हणून मी धरत नाही, सहा दिवसांवरून काय ठरतं, पण माणूस मोजतो हे कळलं, आणि ‘लांबून दिसले’ हे वेगळं सांगतो हेही.

मग मी आणि ओवीने कागदावर हिशोब केला. दोन तृतीयांश न धरता निम्मं धरलं, कमीच धरलेलं बरं. एका सकाळी न दिसण्याची शक्यता निम्मी, दोन सकाळी चौथा हिस्सा, तीन सकाळी आठवा हिस्सा. म्हणजे आठपैकी सात वेळा तीन दिवसांत एकदा तरी दिसणार. ओवी खूश. मग मी तिला सांगितलं की यात एक गोम आहे, हे नाणं उडवण्यासारखं नाही, आज वारा खराब असेल तर उद्याही खराब असण्याची शक्यता जास्त, मासे आज दुसऱ्या खाडीकडे गेले असतील तर उद्याही तिकडेच असू शकतात. त्यामुळे खरा आकडा थोडा खालीच येणार. पण तीन होड्यांचे पैसे एकाच दिवशी उडवण्यापेक्षा तीन दिवसांवर पसरले तर शक्यता वाढते, एवढं तिला पटलं. एका मुक्कामात एकच सकाळ ठेवणारे लोक जेव्हा ‘काही दिसत नाही तिकडे’ म्हणतात तेव्हा मला आता वाटतं की तुम्ही नाणं एकदाच उडवलंत.

पहिली सकाळ. सव्वासहाला खाडीत धुकं, होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, आमचे तांडेल पन्नाशीतले, बोलणं कमी. वारा चार नॉट, पाणी आरसा. दीड तास फिरलो, रापण ओढणाऱ्यांच्या लांबून गेलो, कुरव पक्ष्यांचा एक थवा पाण्यावर बसलेला तो पण बघितला. काही नाही. आठला परत. सगळं बरोबर असून दिसलं नाही, हा आठवा हिस्सा असा सुरू होतो.

दुसरी सकाळ. विंडी सहा नॉट म्हणत होतं, पण झोत चौदा. मला आबांचं वाक्य आठवलं, पण पैसे आणि दिवस डोळ्यासमोर होते म्हणून मी काही बोललो नाही. तांडेल संगमापर्यंत होडी घेऊन गेले, इंजिन हळू केलं आणि बाहेर बघत राहिले. लांबवर पांढरे ठिपके होते, सकाळी पावणेसातलाच. ‘आज जाऊचा नाय,’ ते म्हणाले आणि होडी फिरवली. मी विचारलं, पैसे? ते म्हणाले, ‘पैसे खय जातत, मासो खय जाता, उद्या बघूया.’ आमच्या मागून दोन होड्या भरून बाहेर गेल्या. तासाभराने त्या परतल्या तेव्हा आम्ही धक्क्यावर चहा पीत होतो, त्यातली माणसं कंबरेपर्यंत भिजलेली आणि चेहरे आमच्या एप्रिलसारखे.

तिसरी सकाळ त्रयोदशी संपून चतुर्दशीची. वारा तीन, झोत पाच, दोन्ही मॉडेलं एकमताने. संगमाबाहेर पडून उत्तरेकडे वळलो, किनारा दिसतोय एवढ्याच अंतरावर, कारण इथला मुख्य डॉल्फिन हा किनाऱ्याचाच, वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो फारसा जातच नाही, खाड्यांची तोंडं त्याला आवडतात, तिथे बोय, तारली, बांगडा मिळतो. इंग्रजीत त्याला हम्पबॅक डॉल्फिन म्हणतात, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटा पर. टीव्हीतल्यासारख्या उड्या तो क्वचित मारतो, होडीच्या नाकासमोर पोहायला येत नाही, उलट होडीपासून जरा लांबच राहतो. जगात तो संकटात आलेल्या प्राण्यांत मोजला जातो, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात त्याला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. हे आधी माहीत असलं तर निराशा होत नाही, तुम्ही उडी शोधत नाही, पाठ शोधता.

सात वाजून पाच मिनिटांनी ओवीनेच बघितला. आधी लांबट चोच तिरकी वर आली, मग फुस्स असा आवाज, कुकरची शिट्टी सुटण्याआधी येतो तसा, मग राखाडी उंचवटा आला, गोल फिरला आणि गेला. तांडेलांनी काय केलं ते मी नीट बघितलं कारण मला तेच बघायचं होतं. तीनशे मीटरवर असतानाच त्यांनी वेग कमी केला, एकदम नाही, हळूहळू. सरळ त्यांच्यावर गेले नाहीत, मागूनही गेले नाहीत. ते ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेने, बाजूने, समांतर होडी ठेवली. साधारण साठ-सत्तर मीटर अंतर राहिलं तेव्हा गिअर काढून न्यूट्रल केलं. बंद का नाही केलं विचारलं तर म्हणाले, बंद इंजिन जवळ असताना एकदम सुरू केलं की ते जास्त दचकतात, हळू आवाज चालू असला की होडी कुठे आहे ते त्यांना कळत राहतं.

डॉल्फिनसाठी पन्नास मीटर आणि देवमाशासाठी शंभर मीटर, जगात बऱ्याच ठिकाणी साधारण असा नियम चालतो. पण समुद्रावर पन्नास मीटर म्हणजे किती हे कोणाला कळतं? मी ओवीला सांगितलं, एसटीच्या चार बस एकामागे एक लावायच्या, त्याच्या आत आपण जायचं नाही. ते जवळ आले तर येऊ दे.

आणि ते आले. पाच होते, त्यात एक लहान, जेमतेम मीटर-सव्वा मीटरचं, मोठ्याच्या कुशीला चिकटून, त्याच्याबरोबरच वर येणारं. ‘पोराक घेऊन आसा,’ तांडेल हळूच म्हणाले आणि होडी आणखी वीस मीटर लांब जाऊ दिली. ओवीने घड्याळ काढलं आणि ते खाली गेल्यापासून वर येईपर्यंतचा वेळ मोजून वहीत लिहायला सुरुवात केली, हे तिचं तिनेच ठरवलेलं. पन्नास सेकंद. एक मिनिट दहा. पंचावन्न सेकंद. एक मिनिट. एकाच दिशेने, सावकाश, दक्षिणेकडे.

पंचवीसेक मिनिटांनी उत्तरेकडून एक होडी आली, पूर्ण वेगात, पंधरा-वीस माणसं, शिट्ट्या आणि ‘तिकडे, तिकडे’. ती सरळ त्या पाचांच्या मधून गेली. मधून म्हणजे अक्षरशः, दोन एका बाजूला राहिले, तीन दुसऱ्या. मग वळून परत आली, आणि गोल फिरायला लागली. मी तांडेलांकडे बघितलं. ते बघत होते, बोलले नाहीत. त्यांचा धंदा पण तिथलाच, रोज तोंडं तीच, उगाच भांडण कोण काढणार. मग आणखी एक होडी लांबून वळताना दिसली.

पाण्याखाली काय होतं ते आपल्याला दिसत नाही, पण या प्राण्याचं सगळं आवाजावर चालतं, मासा शोधणं आवाजावर, पिल्लाला हाक आवाजावर, आणि वर दोन इंजिनं फुल थ्रॉटलवर म्हणजे लग्नाच्या डीजेसमोर उभं राहून पोराला हाक मारायची. त्रास झाला हे कशावरून ओळखायचं? तांडेलांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही समोर दिसत होत्या. विखुरलेले होते ते एकदम जवळ आले. दिशा मोडली, दक्षिणेकडे चालले होते ते खोल समुद्राकडे वळले, मग परत दुसरीकडे. आणि खाली जास्त वेळ राहायला लागले. ओवीच्या वहीत दोन मिनिटं चाळीस. मग तीन मिनिटं पाच. पिल्लू आतल्या बाजूला गेलं, आता ते वर आलेलं नुसतं कळायचं, नीट दिसत नव्हतं.

‘चला,’ तांडेल म्हणाले. ‘तीन होडये झाले. आपण गेलंव तर एक कमी.’

ओवी म्हणाली अजून पाच मिनिटं. मला पण वाटत होतं, एवढ्या लांबून आलो, तीन दिवसांत एकदाच दिसले, आणि दुसरे शहाणे बसलेत तिथे मध्ये, त्यांनी जायचं तर आपण का. हा विचार त्या होडीतल्या वीस माणसांच्या मनात पण असणार. तांडेलांनी गिअर टाकला, आधी हळू, बरंच लांब गेल्यावर वेग वाढवला. ओवी मागे वळून घड्याळ धरूनच बसली होती.

नऊच्या आत संगमावर आलो, भरती पूर्ण होत आलेली, होडी वाळूवरून अलगद आत आली. पैसे देताना मी दुसऱ्या दिवशीचे पण पुढे केले, संगमापर्यंत डिझेल तर जळलं होतं. त्यांनी निम्मेच घेतले.

संध्याकाळी आबांचा फोन. दिसला का हे त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, पहिला प्रश्न झोत किती होता हा होता. मी पाच सांगितले. मग त्यांना दुसऱ्या दिवसाचं चौदा सांगितलं आणि होडी संगमावरूनच परत फिरली ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. ‘माणूस शहाणा आहे,’ आबा म्हणाले. ‘केळी लावतो का?’

ओवीची वही परवा मी चाळली. त्या सकाळच्या पानावर वेळा एकाखाली एक आहेत, शेवटच्या दोन लाल पेनाने. त्याच्या खाली तिने लिहिलंय, ‘खाली गेले ७.४४’. वर कधी आले ती जागा रिकामी आहे, तोपर्यंत आम्ही लांब आलो होतो.